शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक आणि कंपनीचे दप्तर

बीड जिल्ह्यात सोयाबीन, कापूस, तूर आणि सीताफळ पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी उत्पादक कंपन्या काढल्या आहेत. कंपनीच्या कागदावर आपले नाव संचालक म्हणून लागते, सहीचा नमुना बँकेत जातो आणि नंतर पुष्कळ ठिकाणी दप्तर अध्यक्षांच्या घरी किंवा तालुक्याच्या गावी लेखापालाकडे राहते. आपण हिशेब मागितला तर ‘ऑडिट झाल्यावर पाहा’ असे उत्तर मिळते. हे उत्तर कायद्याला धरून आहे काय, ते या लेखात पाहू.

आपल्याकडे सहकारी सोसायटीचा अनुभव जुना आहे, त्यामुळे एक घोटाळा होतो. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात साध्या सभासदालाही समितीच्या सभांचे इतिवृत्त आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहता येतात. कंपनीत तसे नाही. साध्या सभासदाला सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त पाहता येते. संचालक मंडळाचे इतिवृत्त व रोजच्या हिशेबाच्या वह्या मात्र त्याला हक्काने मागता येत नाहीत. संचालकाची गोष्ट वेगळी आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशेबाच्या वह्या आणि इतर वह्या-कागद कामकाजाच्या वेळेत कोणत्याही संचालकाला नोंदणीकृत कार्यालयात पाहता येतात. कर्मचाऱ्यांनी त्यासाठी त्याला मदत करायची असते. वह्या निदान आठ वर्षे जपाव्या लागतात. उत्पादक कंपन्यांचे वेगळे प्रकरण ११ फेब्रुवारी २०२१ पासून याच कायद्यात आले. त्यात म्हटले आहे की खाजगी कंपनीला लागू असणाऱ्या तरतुदी, या प्रकरणाशी विसंगत नसतील तेथवर, उत्पादक कंपनीलाही लागू आहेत. त्याच प्रकरणाच्या कलम ३७८ झेडई प्रमाणे पैशाची जमा-खर्च नोंद, खरेदी-विक्री, देणी, मालमत्ता आणि प्रक्रिया असेल तर कच्च्या मालाचा व मजुरीचा हिशेब नोंदणीकृत कार्यालयातच ठेवावा लागतो. म्हणून ‘वह्या सी.ए.कडे आहेत’ हे कारण चालत नाही. त्या परत मागवून दाखवाव्या लागतात.

हा हक्क कशासाठी दिला आहे, तेही समजून घ्यावे. कायद्याच्या किंवा नियमावलीच्या विरुद्ध ठरावाला ज्यांनी मत दिले, ते संचालक कंपनीचे नुकसान भरून देण्यास एकत्रितपणे आणि एकेकटेही जबाबदार असतात. न पाहता हात वर केला तरी ती जबाबदारी टळत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण आकडे आपण पडताळू शकता. समजा, केज तालुक्यातील एका कंपनीत सात संचालक आहेत. सभेच्या सूचनेत एकच ओळ आहे: ‘सोयाबीन खरेदीचा हिशेब मंजूर करणे’. सभेत गोषवारा वाचला जातो. खरेदी १,८५० क्विंटल, विक्री १,७९६ क्विंटल, घट ५४ क्विंटल, ‘ओलाव्यामुळे’. सगळे मान डोलावतात.

एका संचालकाने काटापट्ट्या मागितल्या. माल १४ टक्के ओलाव्याचा घेतला आणि १२ टक्क्यांवर विकला असेल, तर शंभर किलोतील ८६ किलो कोरडा भाग तेवढाच राहतो आणि वजन सुमारे ९७.७ किलो भरते. म्हणजे घट २.३ टक्क्यांच्या आसपास, १,८५० क्विंटलवर साधारण ४२ क्विंटल. उरलेले १२ क्विंटल काडी-माती व सांडलवंड यांत जाऊ शकतात, म्हणून चाळणीची नोंद पाहावी. पण काटापट्ट्यांवर सरासरी ओलावा १२.५ टक्केच नोंदलेला असेल, तर ओलाव्याची घट जेमतेम साडेदहा क्विंटल निघते. मग ४३ क्विंटलांवर माल कोठे गेला, याचे उत्तर गोषवाऱ्यात नाही. दर ४,००० रुपये धरला तरी ती रक्कम पावणेदोन लाखांच्या जवळ जाते. गोषवारा दोन्ही वेळा एकच असतो. फरक काटापट्टीत, साठा नोंदवहीत आणि वाहन पावतीत दिसतो. येथे चोरीच झाली असे लगेच म्हणू नये. ओलावामापक बिघडलेला असू शकतो, किंवा पट्टीवर अंदाजे आकडा टाकलेला असू शकतो. पण ते सिद्ध करणे हे व्यवस्थापनाचे काम आहे.

म्हणून कागद सभेआधी हातात यावे लागतात. उत्पादक कंपनीत सभेची लेखी सूचना मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने निदान सात दिवस आधी द्यायची असते. त्याहून कमी मुदतीची सभा घेतली, तर कारण नोंदवावे लागते. विषयपत्रिका व तिच्या टिपाही सात दिवस आधी द्याव्यात, असे कंपनी सचिव संस्थेचे सभांविषयीचे मानक सांगते. त्याच मानकाप्रमाणे इतिवृत्ताचा मसुदा सभेनंतर १५ दिवसांत संचालकांकडे जातो. संचालकाने सात दिवसांत आपली दुरुस्ती कळवायची आणि ३० दिवसांत इतिवृत्त वहीत उतरायचे. गैरहजर असलात तरी मसुदा मागून घ्यावा.

कंपनी काय नाकारू शकते, हेही तितकेच नीट पाहावे. कामकाजाच्या वेळेबाहेर किंवा दुसऱ्या गावी वह्या दाखवणे ती नाकारू शकते, मूळ वही घरी नेऊ देणेही. कायद्यात शब्द ‘पाहणी’ असा आहे. छायाप्रतींबद्दल कलम १२८ काही बोलत नाही, तेव्हा स्वतः टिपणे काढावीत आणि प्रती लेखी मागाव्यात. सोबत आपला लेखापाल न्यायचा असेल तर मंडळाची परवानगी आधी घ्यावी, कारण गुप्ततेचा आक्षेप रास्त ठरू शकतो. उपकंपनीच्या वह्या पाहायला मंडळाचा ठराव लागतो. संचालकपद संपले की वह्यांवरील हक्कही संपतो. मात्र आपल्या काळातील सभांचे इतिवृत्त नंतरही पाहता येते.

हेतूचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. हा हक्क कंपनीच्या हितासाठी दिलेला असतो. त्याच गावात स्वतःची आडत चालवणारा संचालक कंपनीच्या खरेदीदारांची व दरांची यादी मागत असेल, किंवा कंपनीने त्याच्याच विरुद्ध दावा लावला असून वकिलाचा सल्ला पाहू इच्छित असेल, तर विरोध करण्यास कंपनीला आधार असतो. इंग्लंडमध्ये १९७८ च्या कॉनवे विरुद्ध पेट्रोनियस क्लोदिंग या खटल्यात संचालकांना काढण्यासाठी सभा बोलावलेली होती, म्हणून न्यायालयाने ती सभा होईपर्यंत पाहणीचा आदेश दिला नाही. पण ‘हा भांडखोर आहे’, ‘याने विरोधी मत दिले’, ‘याला हिशेब कळत नाही’ ही कारणे गैरहेतूचा पुरावा होत नाहीत.

मागणी तोंडी करू नये. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या नावे साधे पत्र द्यावे: ‘मी संचालक या नात्याने कलम १२८ अन्वये १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या काळातील रोकडवही, सोयाबीन साठा नोंदवही, काटापट्ट्या व बँक पासबुक पुढील सोमवारी सकाळी ११ वाजता कार्यालयात पाहू इच्छितो.’ मोघम ‘सर्व दप्तर’ असे लिहू नये. टाळाटाळीला वाव मिळतो. पोच घ्यावी. नकार आला तर तो लेखी मागावा, पुढच्या सभेच्या इतिवृत्तात नोंदवावा आणि मंजुरीच्या ठरावाला आपले विरोधी मत लिहून घ्यावे.

त्यानेही भागले नाही तर दोन वाटा आहेत. उत्पादक कंपनीच्या व्यवस्थापनाबाबत सभासद आणि कंपनी यांच्यातील वाद सलोख्याने किंवा लवादाने सोडवायचे, असे कलम ३७८ झेडओ सांगते आणि संचालक हा बहुधा सभासदही असतोच. वह्या दाखवल्याच नाहीत, तर पत्राची पोच जोडून कंपनी निबंधकाकडे तक्रार करता येते. कलम १२८ मोडणाऱ्या जबाबदार व्यक्तीला ५० हजारांपासून ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.