वीस चौरस सेंटिमीटरचा हिशेब

छोट्या जाहिरातींच्या पानावरचं एक कात्रण माझ्यासमोर आहे. रुंदी ४ सेंटिमीटर, उंची ५. भोवती वेलबुट्टीची जाड बॉर्डर, आत काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत दुकानाचं नाव आणि त्याखाली मुंग्यांची रांग लागावी तसा मजकूर. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका काकांची ही जाहिरात. तीन रविवार छापून आली, फोन मोजून दोन आले. "पेपरात आता दम राहिला नाही," असं म्हणत त्यांनी कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं. जाहिराती बुक करण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे मी मजकूर वाचण्याआधी पट्टी काढली.

छोटी जाहिरात दोन तऱ्हांनी विकली जाते. ओळीच्या जाहिरातीत शब्द किंवा ओळी मोजतात. चौकटीच्या जाहिरातीत जागा मोजतात, रुंदी गुणिले उंची. काकांनी चौकट घेतली होती, म्हणजे २० चौरस सेंटिमीटर. हिशेबापुरता चौरस सेंटिमीटरला १०० रुपये दर धरू. एका वेळेचे झाले २,००० रुपये. मोजमाप बॉर्डरच्या बाहेरच्या कडेपासून होतं, म्हणजे बॉर्डरची जागाही विकतचीच.

त्यांची वेलबुट्टी ३ मिलिमीटर जाड होती. मजकूर तिला चिकटू नये म्हणून आत आणखी २ मिलिमीटर मोकळे. एका बाजूला ५ मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण बाजू चार असतात. ४ बाय ५ मधून आत उरतात ३ बाय ४, म्हणजे १२ चौरस सेंटिमीटर. उरलेले ८ वेलबुट्टीने खाल्ले. २,००० पैकी ८०० रुपये नक्षीला गेले. हीच नक्षी ८ बाय १० च्या जाहिरातीला लावली, तर साधारण पाचवा हिस्सा खाईल. इथे तिने पाचातले दोन खाल्ले. जाहिरात जितकी लहान, तितकी बॉर्डर महाग पडते.

मग बॉर्डर नकोच का? हवी. शेजारच्या जाहिरातीचा मजकूर आपल्यात मिसळू नये, एवढं काम तिचं आहे, आणि ते एक पॉइंटची, म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी साधी रेघसुद्धा करते. आतल्या मोकळ्या जागेसह बाजूला २ मिलिमीटर सोडले, तरी आत ३.६ बाय ४.६, म्हणजे साडेसोळा चौरस सेंटिमीटर हाती लागतात. ती मोकळी जागा मात्र सोडायचीच. देवनागरीत प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर आधीच एक आडवी रेघ असते आणि तिच्याही वर वेलांट्या, मात्रा, रफार. बॉर्डर तिथे टेकली की दोन रेघांत डोळा अडखळतो.

काळ्या पट्टीवरच्या पांढऱ्या अक्षरांचा त्रास वेगळा. वृत्तपत्राचा कागद शाई पितो, शाई थोडी पसरते. मोठं अक्षर ते सोसतं. बारीक अक्षरात आधी अनुस्वार बुजतो, मग जोडाक्षरांतल्या फटी. काकांच्या दुकानाच्या नावातलं 'द्ध' कात्रणात 'ध्द' होतं की नुसताच पांढरा ठिपका, हे मला भिंग घेऊनही ठरवता आलं नाही.

आता मजकूर. नाव, पत्ता आणि दोन मोबाइल क्रमांक वगळता तो असा होता :

"सुवर्णसंधी! सुवर्णसंधी! सुवर्णसंधी! आमच्याकडे सर्व प्रकारच्या व सर्व कंपन्यांच्या शिलाई मशीन योग्य दरात, खात्रीपूर्वक व अनुभवी कारागिरांकडून दुरुस्त करून मिळतील. घरपोच सेवा उपलब्ध आहे. एकवेळ अवश्य भेट द्या. संपर्क साधा."

शब्द तीस. कामाचा पहिला शब्द, 'शिलाई', दहावा येतो. पानावरून झरझर उतरणारा डोळा दहाव्या शब्दापर्यंत थांबत नाही.

कोणता शब्द काढायचा, यासाठी माझी एक जुनी कसोटी आहे : याच्या उलट कोणी छापेल का? 'अयोग्य दरात', 'अननुभवी कारागिरांकडून' असं कोणी छापणार नाही, म्हणजे 'योग्य' आणि 'अनुभवी' काही सांगतच नाहीत. 'संपर्क साधा' तर मोबाइल क्रमांक स्वतःच सांगतो. गंमत पुढे आहे. 'घरपोच सेवा' आणि 'भेट द्या' एकाच जाहिरातीत. मी विचारलं, "काका, गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं की तुम्ही जाता?"

"मीच जातो. मशीन उचलून कोण आणणार?"

"मग पत्ता कशाला छापलात?"

काका हसले. पत्त्याच्या तीन ओळी गेल्या आणि त्यांच्या जागी ते जिथे जातात ती नावं आली. 'सर्व प्रकारच्या' ऐवजी खरेच प्रकार लिहिले. 'योग्य दरात' ऐवजी आकडा घातला. काका कुरकुरले, "आकडा बघून लोक पळतील." माझं म्हणणं, जे आकड्याने पळतील ते फोनवर ऐकूनही पळतील, तेवढा तुमचा वेळ वाचला. नवा मजकूर असा :

"शिलाई मशीन दुरुस्ती, घरी येऊन. पायाची, मोटरची, ओव्हरलॉक. तपासणी १५० रु. कोथरूड, कर्वेनगर, वारजे."

शब्द चौदा. खाली एकच मोबाइल क्रमांक, ठळक, आणि अगदी तळाला बारीक अक्षरात नाव. नाव लहान केलेलं काकांना लागलं. पण दुकानाचं नाव माहीत असलेल्यांकडे त्यांचा क्रमांकही आहे; जाहिरात बाकीच्यांसाठी आहे.

काटकसरीलाही हद्द असते. 'शि. म. दु.' लिहून आणखी दोन-चार मिलिमीटर वाचतील, पण वाचणारा गळेल. नावबदलाच्या किंवा कागदपत्रं हरवल्याच्या जाहिरातीला तर कात्री लावूच नये. तिथला प्रत्येक शब्द उद्या कोणीतरी कागदाशी ताडून बघणार असतो.

चौदा शब्द झाल्यावर खरा फायदा दिसला : २० चौरस सेंटिमीटरची गरजच उरली नाही. ४ बाय ३, म्हणजे १२ मध्ये तो मजकूर आधीपेक्षा मोठ्या अक्षरात बसला. एका वेळेचे १,२०० रुपये. आधी तीन वेळा छापायला ६,००० लागत होते, तेवढ्यात आता पाच वेळा. मशीन कोणाचं कोणत्या आठवड्यात बंद पडेल हे सांगता येत नाही. त्या आठवड्यात आपण पानावर असणं, हेच दुरुस्तीवाल्याला विकत घ्यायचं असतं. जागा भाड्याने देणाऱ्याला मात्र चौकटीचा खर्चही टाळता येतो. घर शोधणारा माणूस त्या मथळ्याखालची ओळ न् ओळ वाचतोच, तिथे ओळीची जाहिरात पुरते.

प्रूफ काकांनी मोबाइलवर पाहिलं, दोन बोटांनी मोठं केलं आणि म्हणाले, "झकास." मी ते मूळ मापात छापून घेतलं, कापलं आणि आदल्या दिवशीच्या पेपरात, दुसऱ्या जाहिरातींच्या मधोमध चिकटवलं. पान हातभर लांब धरून त्यांच्यासमोर केलं. चष्मा न लावता त्यांनी मोबाइल क्रमांक वाचून दाखवला. मग तळाकडे बघत म्हणाले, "नाव नाही दिसत."

"मशीन दिसलं ना?"

"दिसलं," ते म्हणाले, आणि फॉर्मवर सही केली.