स्टॉपलॉस किती लांब ठेवायचा? एटीआरचं गणित

'खरेदी किमतीच्या ५ टक्के खाली स्टॉपलॉस लावा' हा सल्ला शेअर बाजारात सर्रास दिला जातो. पण सगळे शेअर सारखे हलत नाहीत. समजा, 'क' आणि 'ख' हे दोन्ही शेअर ५०० रुपयांना मिळत आहेत. 'क' दिवसाला साधारण ६ रुपये हलतो आणि 'ख' २० रुपये. ५ टक्के म्हणजे २५ रुपये. 'ख' एवढा तर जेमतेम सव्वा दिवसात, काहीही विशेष न घडता हलू शकतो. 'क' मात्र चार दिवसांची हालचाल सलग उलटी झाल्याशिवाय तिथे पोहोचणार नाही. म्हणजे एकात स्टॉपलॉस उगाचच लागणार आणि दुसऱ्यात फार उशिरा.

शेअर 'दिवसाला किती हलतो' हे मोजण्यासाठी वेल्स वाइल्डर यांनी १९७८ साली आपल्या पुस्तकात अॅव्हरेज ट्रू रेंज, म्हणजेच एटीआर, ही पद्धत मांडली. नुसता दिवसाचा उच्चांक वजा नीचांक घेतला तर रात्रीतून पडलेला गॅप निसटतो. काल ५०० ला बंद झालेला 'क' आज ४८० ला उघडला, ४८३ पर्यंत गेला आणि ४७४ पर्यंत उतरला असं समजा. दिवसातला फरक फक्त ९ रुपये दिसतो, पण ज्याने काल शेअर घेतला त्याने २६ रुपयांची घसरण पाहिली. म्हणून कालचा बंद भावही हिशेबात घेतात आणि तीन फरकांपैकी सर्वांत मोठा तो त्या दिवसाचा ट्रू रेंज धरतात. त्याची वाइल्डर पद्धतीची १४ दिवसांची सरासरी म्हणजे एटीआर:

```
TR  = max(H - L, |H - Cp|, |L - Cp|)
ATR = (ATRp * 13 + TR) / 14
```

यात `Cp` हा कालचा बंद भाव आणि `ATRp` हा कालचा एटीआर. 'क'चा एटीआर ६ होता, तो या एका दिवसाने (७८ + २६) ÷ १४, म्हणजे सुमारे ७.४३ होतो. चार्टिंग सॉफ्टवेअर हे आपोआप काढून देतं. मात्र काही ठिकाणी साधी सरासरी वापरलेली असते, त्यामुळे दोन स्क्रीनवरचे आकडे थोडे वेगळे दिसले तर गोंधळू नका.

आता स्टॉपलॉस. बरेच ट्रेडर एटीआरच्या २ ते ३ पट अंतर ठेवतात. आपण अडीचपट घेऊ. खरेदीच्या दिवशीच्या एटीआरनुसार 'क'साठी अंतर १५ रुपये, स्टॉपलॉस ४८५. 'ख'साठी अंतर ५० रुपये, स्टॉपलॉस ४५०.

इथेच थांबलात तर 'ख'मध्ये प्रत्येक शेअरमागे तिप्पटीहून जास्त तोटा पत्करताय. म्हणून अंतर ठरल्यावर शेअरची संख्या त्यावरून काढायची. एका सौद्यात जास्तीत जास्त ३,००० रुपये गमवायची तयारी असेल, तर 'क'चे ३,००० ÷ १५ = २०० शेअर आणि 'ख'चे ३,००० ÷ ५० = ६० शेअर. पहिल्यात एक लाख रुपये गुंततात, दुसऱ्यात फक्त तीस हजार. माझ्या मते या पद्धतीचा खरा उपयोग हाच आहे, आणि नेमका हाच भाग लोक वगळतात.

भाव वर गेला की स्टॉपलॉसही वर न्यायचा. 'क'चा खरेदीनंतरचा सर्वोच्च बंद भाव ५४० आणि एटीआर ८ झाला, तर नवा स्टॉपलॉस ५४० वजा २०, म्हणजे ५२०. पण उलट दिशेला कधीच नाही. घसरणीत एटीआर वाढतो, त्यामुळे रोज नव्याने गणित केलं तर स्टॉपलॉस भावाच्या मागोमाग खाली सरकत जातो आणि तोटा ठरवल्यापेक्षा वाढतो.

एटीआर मागचं सांगतो, उद्याचं नाही. तिमाही निकालाआधी शेअर शांत असेल तर एटीआर लहान दिसतो, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी गॅप पडतो. वरच्या उदाहरणात ४८५ चा स्टॉपलॉस होता आणि बाजार ४८० ला उघडला. मार्केट ऑर्डर असेल तर विक्री ४८० च्या आसपास होईल, तोटा ३,००० ऐवजी ४,०००. ४८४ ची लिमिट लावली असेल तर दिवसाचा उच्चांकच ४८३ असल्याने शेअर विकलाच जाणार नाही.

आणखी एक भानगड बोनस किंवा स्प्लिटची. १:१ बोनसनंतर ५०० चा भाव २५० वर येतो. जुने भाव समायोजित केलेले नसतील तर तो फरक २५० रुपयांचा ट्रू रेंज म्हणून मोजला जातो आणि ६ चा एटीआर एका दिवसात २३ च्या वर जातो. एटीआर असा अचानक कित्येक पट झालेला दिसला, तर आधी त्या तारखेला कंपनीने बोनस किंवा स्प्लिट दिला होता का ते पाहा.