अर्जंट कामाखाली जुनं काम दबतंय? वहीत एक तारीख वाढवा

समजा, शहाद्यात तुमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. केळीला पाणी द्यायचं थांबलंय म्हणून शेतकरी जळालेली मोटार आणतो. तुम्ही ती आधी घेता, बरोबरच आहे. पण रोज अशी मोटार येत राहिली, तर ३ तारखेला आलेला टेबल फॅन महिनाभर फळीवरच पडून राहतो. गिऱ्हाईक शेवटी तो उचलून दुसरीकडे नेतं.

यावर उपाय म्हणजे वहीत 'पाळीची तारीख' असा एक कॉलम. अर्जंट कामाला आल्याचीच तारीख लिहा. साध्या कामाला आल्याची तारीख अधिक ८ दिवस. रोज सकाळी ज्याची पाळीची तारीख सगळ्यात जुनी, ते काम आधी घ्या. तारीख सारखी असेल तर आधी आलेलं आधी.

आता बघा, फॅनची पाळी ११ तारीख. १० ला आलेली मोटार त्याच्या पुढे जाईल, पण १२ ला आलेली जाणार नाही.

८ हा आकडा तुमचा तुम्ही ठरवा. फार कमी ठेवला तर अर्जंटला अर्थ उरत नाही, फार जास्त ठेवला तर फॅन पुन्हा अडकतो. पार्टसाठी थांबलेली कामं वेगळ्या पानावर लिहा. पार्ट आला की जुन्याच तारखेने रांगेत घ्या.

आणि पाळी उलटलेली कामं दर आठवड्याला वाढतच असतील, तर दोष रांगेचा नाही. हात कमी पडताहेत. मग कारागीर वाढवा, नाहीतर नवीन गिऱ्हाइकाला खरी तारीख सांगा.