एक एप्रिल गाठणार का?

सार्वजनिक विश्वस्त संस्थेचं दोनशे खाटांचं एक रुग्णालय डोळ्यांसमोर आणा. कागदी केसपेपर आणि जुनाट बिलिंग यंत्रणा सोडून तिथे नवं सॉफ्टवेअर आणायचं ठरलं आहे. मंजूर रक्कम एक कोटी ऐंशी लाख. आर्थिक वर्षाबरोबर हिशेब नव्या यंत्रणेत सुरू व्हावेत म्हणून तारीख ठरली १ एप्रिल. सॉफ्टवेअर पुरवठादाराचं, काम करून घेणारा प्रकल्पप्रमुख रुग्णालयाचा आणि या सगळ्याची जबाबदारी अंगावर घेणारे एक विश्वस्त. प्रकल्पांच्या भाषेत हे विश्वस्त म्हणजे स्पॉन्सर. पैसे त्यांनी मंजूर करून घेतलेले असतात, विश्वस्त मंडळाला उत्तर त्यांनाच द्यायचं असतं आणि आठवड्यातून या कामासाठी त्यांच्याकडे फार तर दहा-पंधरा मिनिटं असतात.

त्या मिनिटांत त्यांना डॅशबोर्ड दाखवला जातो. बहुतेक वेळा त्यावर दहा-बारा चौकटी असतात. कोणाकडे किती कामं आहेत याचा गोल आलेख, आठवड्यात किती तक्रारी आल्या आणि किती मिटल्या याची रेषा, प्रत्येक विभागापुढे हिरवा ठिपका. या चौकटींना विजेट म्हणतात आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये तयारच मिळतात, म्हणून त्या लावल्या जातात. विश्वस्त सगळं पाहून घेतात आणि शेवटी विचारतात, “अहो, ते सगळं ठीक आहे. एक एप्रिल गाठणार का नाही, तेवढं सांगा.”

हाच प्रश्न डॅशबोर्डचा पाया असायला हवा. स्पॉन्सरचे प्रश्न मोजकेच असतात. तारीख गाठणार का, काम खरंच झालंय का, पैसे पुरतील का आणि माझ्याकडून काय हवं आहे. म्हणून चार विजेट पुरतात. पाचवं लावायचं असेल तर त्याच्या डोक्यावर स्पॉन्सरने प्रत्यक्ष विचारलेला प्रश्न लिहून बघावा. असा प्रश्न सापडला नाही तर ते विजेट प्रकल्पप्रमुखाच्या स्वतःच्या पडद्यावर ठेवावं. तिथे त्याचा उपयोग असतो.

सर्वांत जास्त मेहनत तारखेच्या विजेटवर घ्यावी असं माझं मत आहे. नेहमीची चूक अशी की दर आठवड्याला नवी अंदाजे तारीख जुन्या तारखेवर लिहिली जाते. जुनी पुसली जाते आणि तिच्याबरोबर प्रकल्पाची आठवणही जाते. त्याऐवजी एक्सेलमध्ये दर शुक्रवारी एक नवी ओळ लिहावी. अहवालाची तारीख आणि तिच्यापुढे प्रत्येक महत्त्वाच्या टप्प्याची त्या दिवशीची अंदाजे तारीख. यातून जो आलेख निघतो त्यात आडव्या अक्षावर अहवालाची तारीख असते आणि उभ्या अक्षावर टप्प्याची अंदाजे तारीख. टप्पा वेळेवर असेल तर त्याची रेषा सपाट जाते, लांबत असेल तर वर चढते.

आपल्या रुग्णालयात औषधांचा साठा नव्या यंत्रणेत भरून घेण्याचा टप्पा घ्या. ६ डिसेंबरच्या अहवालात तो २० डिसेंबरला संपणार होता. १३ डिसेंबरला म्हटलं गेलं, २७ डिसेंबर. २० डिसेंबरला, ३ जानेवारी. २७ डिसेंबरला, १० जानेवारी. कोणत्याही शुक्रवारी पाहिलं तर हे काम दोनच आठवड्यांवर आहे, त्यामुळे एकेका अहवालात काळजीसारखं काही दिसत नाही. चारही ओळी एकाखाली एक आल्या की मात्र कळतं, तीन आठवडे सरले आणि काम जिथल्या तिथे आहे. असा टप्पा दिसला की ‘कधी होईल’ विचारण्यात अर्थ नसतो. ‘नेमकं कशावर अडलंय’ हे विचारावं लागतं. इथे अडलं होतं ते औषधांच्या नावांवर. एकच गोळी जुन्या यंत्रणेत तीन वेगवेगळ्या नावांनी नोंदलेली होती आणि कोणतं नाव ठेवायचं हे फार्मसीत कोणीच ठरवत नव्हतं.

त्याच आलेखात आणखी एक गोष्ट दिसते आणि अनुभवी माणूस तीच आधी शोधतो. साठ्याचा टप्पा तीन आठवडे घसरला, तरी शेवटची तारीख चारही शुक्रवारी १ एप्रिलच राहिली. मधला टप्पा सरकला आणि त्यावर अवलंबून असलेला शेवट हलला नाही, तर दोघांमधलं काहीतरी कापलं गेलं आहे असं समजावं. बहुधा कापली जाते ती चाचणी आणि प्रशिक्षण. इथेही मूळ आराखड्यात त्यासाठी नऊ आठवडे होते. ते कोणी न सांगता सहा झाले होते.

दुसरं विजेट झालेल्या कामाचं. ‘८० टक्के पूर्ण’ हा आकडा स्पॉन्सरला दाखवूच नये. या प्रकल्पात एकूण ६४ कामं ठरली होती. बाह्यरुग्ण नोंदणी हे एक, डिस्चार्जच्या वेळचं अंतिम बिल हे एक, पॅथॉलॉजीचा अहवाल डॉक्टरांच्या पडद्यावर दिसणं हे एक. पुरवठादाराच्या हिशेबाने ५१ तयार होती, आणि ८० टक्के आले ते तिथून. पण संबंधित विभागाने खऱ्या नोंदींवर वापरून पाहिलेली आणि ‘चालतंय’ म्हणून सही केलेली कामं होती २९. विजेटवर हा दुसरा आकडा जातो. तोही एकटा जात नाही, गेल्या चार आठवड्यांचा वेग सोबत असतो. तीन, चार, तीन, दोन. म्हणजे सरासरी आठवड्याला तीन.

आता उरलेली ३५ कामं याच वेगाने व्हायची तर बारा आठवडे लागतील. २७ डिसेंबरपासून मोजलं तर २१ मार्च उजाडेल. त्यानंतर कापून उरलेले सहा आठवडे चाचणी-प्रशिक्षणाला दिले, तरी तारीख मे महिन्याच्या सुरुवातीला जाते. वेग वाढू शकतो, काही प्रशिक्षण आधीच सुरू करता येईल, हे खरं. सगळी कामं सारख्या वजनाची नसतात, म्हणून हा हिशेब ढोबळच आहे. पण १ एप्रिल आणि मेची सुरुवात यांत महिन्याचं अंतर आहे आणि ते ढोबळपणाने भरून निघत नाही.

म्हणून रंगांबद्दलही नियम आधी लिहून ठेवावा लागतो. वेग आणि उरलेलं काम यांवरून निघणारी तारीख ठरलेल्या तारखेच्या आठवड्याभरात असेल तर हिरवा, तीन आठवड्यांपर्यंत पुढे गेली तर पिवळा, त्यापुढे लाल. रंग या नियमाने पडावा, प्रकल्पप्रमुखाच्या मनाने नव्हे. नियम नसला की प्रकल्प कलिंगडासारखा होतो, वरून हिरवा आणि आतून लाल. या क्षेत्रातली माणसं अशा प्रकल्पांना तेच नाव देतात. यात लबाडीपेक्षा भीती जास्त असते. २००६ साली ॲलन मुलाली फोर्डचे प्रमुख झाले आणि दर गुरुवारी आढावा घेऊ लागले, तेव्हा अधिकाऱ्यांचे तक्ते हिरवेच येत. त्या वर्षी कंपनीला बारा अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. शेवटी मार्क फील्ड्स यांनी ‘एज’ या नव्या गाडीपुढे लाल खूण केली आणि मुलालींनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर इतरांच्या तक्त्यांतही लाल-पिवळं दिसू लागलं. लाल दाखवणाऱ्याचं काय होतं हे पाहूनच पुढच्या आठवड्याचे रंग ठरतात, आणि ते स्पॉन्सरच्या हातात असतं.

पैशांच्या विजेटवर फार लिहायची गरज नाही. ‘५१ टक्के खर्च झाला’ याने काही कळत नाही. तीन रकमांची बेरीज दाखवावी. दिलेले पैसे ९२ लाख, ऑर्डर दिल्यामुळे देणं ठरलेले ४८ लाख आणि उरलेल्या कामाचा आजचा अंदाज ४६ लाख. एकूण १८६, मंजूर १८०. गेल्या आठवड्यात ही बेरीज १८१ होती. वाढ कशाने झाली ते एका ओळीत खाली लिहावं: पॅथॉलॉजीची तपासणी यंत्रं सॉफ्टवेअरला जोडण्याचं काम मूळ करारात नव्हतं. दगा देते ती तिसरी रक्कम. मंजूर आकड्यातून खर्च वजा करून ती काढली तर बेरीज कायम १८० च येते आणि विजेट कधीच बोलत नाही. उरलेलं काम दर महिन्याला नव्याने किंमत लावूनच मोजावं लागतं.

चौथं विजेट बहुतेक डॅशबोर्डवर नसतंच. ज्या गोष्टी फक्त स्पॉन्सरच ठरवू शकतो त्यांची ही यादी. ती दोन-तीन ओळींपलीकडे जाऊ देऊ नये. प्रत्येक ओळीत काय ठरवायचं, कधीपर्यंत आणि नाही ठरलं तर कोणती तारीख किती हलेल, एवढंच. प्रकल्पाची कामं जिरात नोंदवली जात असतील, तर अशा बाबींना एक ठरावीक लेबल लावून या फिल्टरने त्या डॅशबोर्डवर आणता येतात:

```
labels = sponsor-decision AND statusCategory != Done ORDER BY due ASC
```

ज्याची मुदत जवळ ते वर येतं. मात्र नोंदीत मुदत भरलेली नसेल तर या क्रमाला अर्थ उरत नाही, म्हणून मुदतीशिवाय हे लेबल लावायचं नाही असा दंडक हवा.

या चारही चौकटींचे आकडे एकाच वेळचे हवेत. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत आलेलं धरायचं, सोमवारी सकाळी तेच दाखवायचं. कामांचे आकडे सोमवारचे आणि पैशांचे गेल्या महिन्याचे असले, तर वेग आणि खर्च यांचा मेळ लागत नाही.

२७ डिसेंबरच्या पडद्यावर निर्णयांच्या यादीत दोन ओळी होत्या. औषधांच्या नावांबाबत शेवटचा शब्द कोणाचा, हे ३ जानेवारीपर्यंत ठरवणं. नाही ठरलं तर साठ्याचा टप्पा आणखी घसरत राहील. दुसरी ओळ मोठी होती. १ एप्रिलला फक्त नोंदणी, बिलिंग आणि फार्मसी सुरू करून आंतररुग्ण विभाग आणि पॅथॉलॉजी मेमध्ये आणायची, की सगळंच मेपर्यंत थांबवायचं? मुदत १० जानेवारी, कारण प्रशिक्षणाच्या तुकड्या त्यावर ठरणार होत्या. वरची तीन विजेट वाचून झालेली असल्यामुळे ‘असं का’ हे विश्वस्तांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तेवढी मिनिटं थेट त्या निवडीवर बोलण्यात जातात. आर्थिक वर्षाच्या हिशेबाला बिलिंग लागतं, पॅथॉलॉजी लागत नाही, म्हणून त्यांनी पहिला पर्याय घेतला असं धरू.

पुढच्या शुक्रवारी तारखेच्या आलेखात शेवटच्या दोन रेषा होतात, एक एप्रिलची आणि एक मेची. ‘सगळं १ एप्रिलला’ ही जुनी रेषा तिथेच राहू द्यायची. ती जिथे थांबते तिथे निर्णयाची तारीख आणि निर्णय घेणाऱ्याचं नाव लिहायचं. मे महिन्यात विश्वस्त मंडळातल्या कोणी विचारलं की पॅथॉलॉजी एप्रिलमध्ये का आली नाही, तर उत्तर त्याच पडद्यावर सापडतं.