अकरापैकी आठ

पहाटे 4. कोप्यांसमोर चुली पेटल्या आहेत, टोळ्या फडाकडे निघाल्या आहेत. या वेळी कुणाला काही विचारायचं नाही. बीडहून आलेल्या ऊसतोड बायकांनी कमी वयात गर्भाशय का काढून टाकलं, यावर मी मुलाखती घेते आहे. त्यांच्या शब्दांत ‘पिशवी काढली’. अशा बायकांची यादी मला कुठे मिळत नाही, आणि हंगाम सरला की ही वस्तीही उठते. त्यामुळे चिठ्ठ्या टाकून निवड करता येत नाही.

सकाळी 9. खोलीवर तक्ता उघडला. हेतुपूर्वक निवडीसाठी तीन गट ठरवले होते: पस्तिशीच्या आत पिशवी काढलेल्या, सांगूनही न काढलेल्या, आणि काढल्यावर तोड सोडून गावी राहिलेल्या. तिसरा गट या वस्तीत भेटणार कसा?

दुपारी 1. कुणी कुणाचं नाव सुचवलं, याची साखळी कागदावर काढली. पहिलीने मैत्रीण सुचवली, मैत्रिणीने जाऊ, जावेने शेजारीण. अकरापैकी आठजणी एकाच बाईपासून निघाल्या! आठही एकाच मुकादमाच्या टोळीतल्या, एकाच दवाखान्यात गेलेल्या. गेल्या आठवड्यात मी वहीत लिहिलं होतं, ‘नवीन काही येत नाही, मुलाखती पुरे.’ ती ओळ खोडली. एकाच घोळक्यात फिरल्यावर तेच ते ऐकू येणार.

आता एका बाईकडून दोनच नावं घ्यायची आणि सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणांहून करायची. तिसऱ्या गटासाठी गावाकडच्या आशाताईंना फोन केला.

संध्याकाळी 7. दुसऱ्या मुकादमाची टोळी. इथल्या एका मावशींना मी कुणाचा नंबर मागितला नव्हता. “आधी तुम्हीच विचारा, ती हो म्हणाली तरच मला कळवा,” एवढंच सांगितलं होतं. आज पिशवी न काढलेली एक बाई स्वतःहून बोलायला बसली.

“सासू म्हणायची, पिशवी गेली की खाडा पडत नाही. मी म्हटलं, पडू दे. खाड्याचे पैसे उचलीत चढले, ताई.”

त्या आठजणींनी फक्त डॉक्टरांनी घातलेली कॅन्सरची भीती सांगितली होती. खाड्याचा आणि सासूचा विषय आज पहिल्यांदा निघाला.

रात्री 9. सहकाऱ्याचा फोन. “अकरापैकी आठजणींनी कॅन्सरची भीती सांगितली, म्हणजे सत्तर टक्क्यांहून जास्त. तसं लिहू?”

नाही. प्रत्येकीने आपल्यासारखीच बाई पुढे पाठवली, त्या आकड्यात ओळखीपाळखीच मोजल्या जातील. ‘किती’ला पाहणी लागते. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीडच्या 82 हजारांहून अधिक बायकांची माहिती आली, त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. भीती, खाडा आणि उचल एका निर्णयात कशी गुंततात, एवढं मी सांगू शकते, तेही टोळी, घर आणि कर्ज यांचं पूर्ण वर्णन देऊन. म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातल्या वाचकाला आपल्याकडे हे कितपत लागू पडतं ते ताडता येईल. अहवालात आणखी एक वाक्य घातलं: ज्यांनी शस्त्रक्रियेबद्दल कुणालाच सांगितलं नाही, त्या या साखळीत आलेल्या नाहीत.

रात्री 10. आशाताईंचा निरोप. गावी राहिलेली एकजण तयार आहे, पण बाजाराच्या दिवशीच, सासू घरी नसताना.