तोंडी भाडेकरार: पुरावा कशाचा हवा?

घर भाड्याने देताना ‘कागद कशाला, आपण घरचेच’ असं म्हणून व्यवहार होतो. वाद झाला की घरमालक म्हणतो, ‘करारच नाही, उद्या घर रिकामं करा.’ महाराष्ट्रातला कायदा मात्र तसं म्हणत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. असा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवायचं असेल, तर पुरावा घरमालकाने द्यायचा.

पण आपण भाडेकरू आहोत, हे आधी भाडेकरूलाच सिद्ध करावं लागतं. अनेक दावे इथेच अडतात.

समजा, एक कुटुंब साताऱ्यात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत चार वर्षं राहतंय. भाडं सहा हजार, पावती एकही नाही. कोर्टात घरमालक सांगतो, ‘ओळखीचे म्हणून फुकट राहू दिलं.’ कुटुंब रेशनकार्ड, आधार, गॅसचं पुस्तक पुढे करतं. त्यातून ते तिथे राहतात एवढंच दिसतं, आणि ते तर घरमालकही नाकारत नाही. खरा प्रश्न भाड्याचा आहे. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आसपास घरमालकाच्या खात्यात सहा हजार गेल्याच्या बँकेतल्या नोंदी, ‘या महिन्याचं भाडं आलं नाही’ असा त्याचा व्हॉट्सअॅप संदेश आणि खोल्यांची किल्ली फक्त कुटुंबाकडे असल्याची शेजाऱ्याची साक्ष, हे तिन्ही जुळलं की ‘फुकट’ची गोष्ट टिकणं अवघड होतं.

म्हणून रोख भाडं देणाऱ्याने पावती मागावी. कलम 26 प्रमाणे ती देणं घरमालकावर बंधनकारक आहे. देत नसेल, तर भाडं खात्यात भरावं आणि ‘अमुक महिन्याचं भाडं’ असं तिथेच लिहावं. त्याने भाडं घेणंच थांबवलं, तर ते द्यायची तयारी असल्याचं पत्र पोच मिळेल अशा टपालाने पाठवून प्रत जपावी.

भाडेकरूपण सिद्ध झालं, की संरक्षण मिळतं. थकबाकीसाठी घर खाली करून घ्यायचं तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि नव्वद दिवस थांबल्यावरच दावा लावता येतो. पाणी-वीज तोडून हुसकावता येत नाही. कुलूप लावून बाहेर काढलंच, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो.

घर मात्र कायमचं मिळत नाही. घरमालकाला स्वतःला खरोखर घर हवं असेल, किंवा भाडेकरूने परस्पर पोटभाडेकरू ठेवला असेल, तर कोर्ट ताबा देऊ शकतं. पण तो हुकूम कोर्टाचाच हवा.