सोमवारी सकाळी, चाक फिरण्याआधी

नाशिकजवळ आडगावला एका वाहतूकदाराच्या ऑफिसात भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय : ‘सर्व ड्रायव्हर मंडळींसाठी’. खाली दीड पान मजकूर. दर सोमवारी सकाळी गाडी हलवण्याआधी दहाही टायरांची आणि स्टेपनीची हवा गेजनं मोजायची, वहीत लिहायची, मगच बाहेर पडायचं. अशा सूचना बऱ्याच ठिकाणी लागतात आणि ऊन लागून पिवळ्या पडतात. या कागदाजवळ मी थांबले, कारण त्यात प्रत्येक सूचनेखाली ‘का?’ असं लिहून उत्तर दिलेलं होतं. मालकांनी ते स्वतः लिहिलंय. त्यामागे एका फुटलेल्या टायरची हकिगत आहे.

एप्रिलची गोष्ट. दहा चाकांचा ट्रक कांदा घेऊन न्हावा शेव्याला निघाला होता. कसारा घाट उतरून शहापूरच्या पुढं गेल्यावर मागच्या डाव्या जोडीतलं आतलं टायर फुटलं. त्याच्या शेजारचं बाहेरचं टायरही लगेच बसलं. कुणाला इजा झाली नाही. पण भर उन्हात भरलेली गाडी जॅकवर घ्यायला आणि माल बंदरात पोचवायला दुसरा दिवस उजाडला.

ड्रायव्हर अनुभवी. निघताना त्यानं रोजच्याप्रमाणे टॉमीनं प्रत्येक टायर ठोकून पाहिलं होतं आणि आवाज ठणठणीत आला होता. त्यात त्याची चूक नव्हती. टायर साफ बसलं असेल तर टॉमीचा आवाज बदलतो, पण १२० पौंड आणि ९५ पौंड यांतला फरक त्या आवाजात कानाला कळत नाही. (गेजवरचा ‘पौंड’ म्हणजे एका चौरस इंचावरचा पौंडांतला दाब.) सूचनेतलं पहिलंच वाक्य हे आहे : ‘टॉमी फक्त बसलेलं टायर सांगते, कमी हवा सांगत नाही.’

मग हवा कमी झाली कशी? दुसऱ्या दिवशी गाडी परत आल्यावर मालकांनी उरलेली टायरं सकाळी थंड असताना मोजली. सगळ्यांत १०० ते १०३ पौंड हवा! भरायची होती १२०. एकाच टायरची हवा कमी असती तर पंक्चर म्हटलं असतं. सगळ्यांची सारखीच कमी आहे, म्हणजे कुणीतरी ती काढली आहे. ड्रायव्हरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “शेठ, गेल्या आठवड्यात दुपारी हायवेवर चेक केली होती. १४० दाखवत होतं. फुटेल म्हणून पंक्चरवाल्यानं सगळ्यांची १२० वर आणून दिली.”

सगळा घोळ या एका वाक्यात आहे, म्हणून तो जरा सावकाश समजून घेऊ. टायर धावताना रस्त्याला टेकलेल्या जागी प्रत्येक फेऱ्यात दबतं आणि पुन्हा उठतं. ट्रकचं हे टायर एका किलोमीटरला सुमारे ३०० फेरे घेतं. नाशिक ते न्हावा शेवा हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका खेपेत साठेक हजार वेळा दबणं आणि उठणं. तार वारंवार वाकवली की बोटाला गरम लागते, तसंच इथं होतं. आतली हवा तापते, पण तिला पसरायला जागा नसते, म्हणून दाब वाढतो. सकाळी २५ अंशांना १२० पौंड भरलेल्या टायरातली हवा ७० अंशांपर्यंत तापली, तर गेज १४० च्या आसपास दाखवतो. टायर बनवणाऱ्यांनी ही वाढ धरूनच १२० हा थंड टायरचा आकडा ठरवलेला असतो. त्या दुपारचे १४० म्हणजे बिघाड नव्हताच. हवा जेवढी हवी तेवढीच होती.

त्या तापलेल्या टायरातून २० पौंड काढले. दुसऱ्या दिवशी पहाटे टायर पुन्हा २५ अंशांवर आलं तेव्हा त्यात १०२ उरले. हवा कमी म्हणून टायर जास्त दबणार, जास्त दबलं की जास्त तापणार, आणि तापलं की गेज पुन्हा मोठा आकडा दाखवून फसवणार. ‘गरम टायरची हवा कधीही काढायची नाही,’ ही ओळ मालकांनी लाल पेनानं दोनदा अधोरेखित केली आहे. थंड टायर म्हणजे निदान तीन-चार तास उभ्या असलेल्या गाडीचं टायर. सकाळचीच वेळ का, याचंही उत्तर सूचनेत आहे. ऊन चढलं की सूर्याच्या बाजूची टायरं जास्त आकडा दाखवतात आणि सावलीतली कमी. मग गाडीची एक बाजू बिघडल्यासारखी वाटते.

फुटलेल्या टायरची आणखी एक अडचण होती. त्याच्या व्हॉल्व्हला टोपी नव्हती आणि तोंडाशी चिखल वाळलेला होता. बहुधा तिथून हवा थोडी थोडी जात होती. १०२ वरून आठ-दहा दिवसांत ते ९५ च्या खाली आलं असावं. १२० चे ८० टक्के म्हणजे ९६. या धंद्यात ही रेघ महत्त्वाची आहे. भरायच्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर चाललेलं टायर ‘बसलेल्या अवस्थेत चाललेलं’ धरतात, दिसायला ते कितीही ठीक असो.

तेच टायर फुटण्याचं कारण म्हणजे ते जोडीत आत होतं. अशा ट्रकला पुढं दोन टायरं असतात आणि मागं दोन ॲक्सलवर मिळून आठ. कायद्यानं या मागच्या दोन ॲक्सलवर २१ टन भार चालतो, म्हणजे एका टायरच्या वाट्याला २,६०० किलोंहून जास्त. जोडीतल्या एकाची हवा उतरली की त्याचा भार शेजाऱ्यावर जातो. वरून पाहिलं तर दोन्ही टायरं उभीच दिसतात, कारण बाहेरच्यानं आतल्याला उचलून धरलेलं असतं. त्यात दोन्ही चाकं एकत्र बोल्ट केलेली. कमी हवेच्या टायरचा घेर लहान होतो, पण त्याला शेजाऱ्याइतकेच फेरे घ्यावे लागतात. मग ते रस्त्यावर घासत, आणखी तापत जातं. म्हणून जोडीतल्या दोन टायरांत पाच पौंडांपेक्षा जास्त फरक चालणार नाही, असं सूचनेत आहे. आतल्या टायरचा व्हॉल्व्ह बाहेरच्या चाकाच्या भोकातून हात घालून गाठावा लागतो. हात काळा होतो, खरचटतो, म्हणून तेच टायर मोजायचं राहून जातं. मालकांनी प्रत्येक गाडीला लांब दांड्याचा, दोन तोंडांचा गेज दिला आहे. त्याचं एक तोंड पुढं ढकलून आणि दुसरं मागं ओढून लावता येतं.

आता वही. प्रत्येक टायरपुढं दोन रकाने आहेत : ‘सापडली’ आणि ‘भरली’. माझ्या मते या सगळ्या पद्धतीत सर्वांत शहाणी गोष्ट हीच. नुसतं ‘भरली १२०’ लिहिलं तर हवा कुठून जाते ते कधीच कळत नाही. पहिल्या महिन्यातच एका गाडीत हे दिसलं. उजव्या बाजूच्या एका आतल्या टायरची नोंद सोमवारी ११२, पुढच्या सोमवारी ११३, त्याच्या पुढच्या सोमवारी ११२. दर वेळी १२० भरूनही. बाकीची टायरं आठवड्यात पौंडभरही उतरत नव्हती. साबणाचं पाणी लावलं तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी बुडबुडे. व्हॉल्व्हमधली पिन बदलली, रबरी वायसरची पत्र्याची टोपी लावली आणि पुढच्या सोमवारी ११९ निघाले.

वहीचा दुसरा फायदा मालकांनी मला हसत सांगितला. “ताई, सुरुवातीला एकानं ‘सापडली’च्या रकान्यात दहाच्या दहा १२० लिहून आणले. आठवडाभर चाललेल्या गाडीची दहा टायरं कधी सारखी निघत नाहीत. ११९, ११७, १२०, ११८ अशीच निघतात.” त्या ड्रायव्हरला ते रागावले नाहीत. त्याला घेऊन गाडीपाशी गेले आणि दोघांनी मिळून मोजली. सूचनेत म्हणून एक ओळ वाढली : ‘कमी हवा सापडली म्हणून कोणाचाही पगार कापला जाणार नाही.’ शेजारीच दुसरी : ‘हा अर्धा तास ड्युटीत धरला आहे.’ या दोन ओळी नसत्या तर वहीतले आकडे खरे राहिले नसते, असं मला वाटतं.

हिवाळ्यासाठी वेगळी टीप आहे. एप्रिलमध्ये २५ अंशांना १२० भरलेलं टायर जानेवारीतल्या नाशिकच्या पहाटे, १० अंशांना, ११३ च्या आसपास दाखवेल. हवा गेलेली नसते, आकसलेली असते. तरीही ती भरून १२० करायची, कारण भार उचलायला लागतो तो दाबच. गेजही चुकतो. हातातून दोन-चारदा पडला की पाच-दहा पौंडांनी खोटं बोलायला लागतो. म्हणून ऑफिसात एक गेज कपाटात जपून ठेवला आहे. महिन्यातून एकदा सगळ्यांचे गेज एकाच टायरवर लावून त्याच्याशी ताडून पाहतात.

सर्वांत कडक शब्द आहेत ९६ च्या रेघेविषयी. सोमवारी एखादं टायर ९६ किंवा त्याखाली सापडलं तर ड्रायव्हरनं त्यात हवा भरायचीच नाही, ऑफिसात सांगायचं. कारण कमी हवेवर चालताना टायरच्या बाजूच्या भिंतीतल्या पोलादी तारा वाकून वाकून आतल्या आत तुटलेल्या असू शकतात. बाहेरून काहीच दिसत नाही. पुन्हा पूर्ण दाब भरताना ती भिंत चेन उघडावी तशी एका ओळीत फाटते, आणि शेजारी बसून हवा भरणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षेच्या नियमांतही हीच ८० टक्क्यांची रेघ आहे : अशा टायरचं चाक ॲक्सलवरून काढण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायची. मग टायर उतरवून आतून तपासायचं, आणि ठीक निघालं तरी हवा भरायची ती लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच. आपल्याकडे रस्त्याकडेच्या कितीतरी पंक्चरच्या दुकानांत हा पिंजरा नाही आणि पोरं टायरवर वाकून हवा भरतात. ते पाहिलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आठवड्यातून एकदा मोजल्यानं मंगळवारी घुसलेला खिळा कळत नाही, हे मालकांनाही ठाऊक आहे. म्हणून रोजचं टॉमी ठोकणं त्यांनी बंद केलेलं नाही. आणि १२० हा आकडा त्यांच्या या गाड्यांचा, या टायरांचा, पूर्ण भाराचा आहे. दुसऱ्यानं तो उचलून आपल्या गाडीला लावू नये. कारवाल्यांनी आपला आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर पाहावा. टायरच्या अंगावर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, भरायचा नव्हे.

ज्यांच्या दोन-चार गाड्या धावतात अशा मालकांना माझी एक विनंती आहे. गेज घेऊन द्याल, वही द्याल, ते चांगलंच. पण सोमवारचा अर्धा तास ड्रायव्हरच्या झोपेतून घेऊ नका, ड्युटीत धरा. आणि हवा भरणाऱ्या पोरासाठी पिंजरा करून घ्या.